प्रतिसाद: आरशाच्या कडा काळ्या का पडतात?

> "दोन वर्षांतच बाथरूमच्या आरशाची खालची कड काळी पडली. काच खराब होती का?"

काच नव्हे, मागचा थर. काचेमागे चांदीचा अगदी पातळ थर असतो, बहुधा त्यावर तांब्याचा आणि शेवटी रंगाचा. कापलेल्या कडेला मात्र चांदी उघडी पडते. पाणी ओघळून खालच्या कडेला साचतं, तिथूनच आत शिरतं आणि चांदी काळवंडते.

आमच्या इंदिरानगरच्या घरातला आरसा मी उतरवून पाहिला. कडेला काळी झालर होतीच, पण मध्येही पाच डाग होते, बरोबर जिथे सिलिकॉनचे ठिपके लावले होते तिथे! लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, ते रंगातून चांदीपर्यंत पोचतं. आरशासाठी न्यूट्रल सिलिकॉनच मागा.

नवा घेताना मागची बाजू बघा. रंग एकसारखा हवा, कडेला टवके नकोत. कडा घासून सील करून घ्या, भिंतीपासून तीन-चार मिलिमीटर फट ठेवा. क्लीनर आरशावर न फवारता फडक्यावर घ्या. आणि काळी झालेली कड पुसून जात नाही. तेवढी पट्टी कापून घ्यायची किंवा फ्रेमखाली झाकायची.