कथा छान, पण फोटो असा उजळत नाही

वहीवाली: कालच्या माझ्या कथेत रसायनशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री नायिका मैत्रिणीच्या वहीचे पुसट फोटो कॉन्ट्रास्ट वाढवून वाचते आणि दोन पानांत सगळं नीट उतरवते. ‘हे होत नाही’ असं काहींनी सुनावलं. का नाही होत?

निळीशाई: कथा आवडली, म्हणूनच चिडलो. वहीवर मोबाईल धरला की हाताची सावली एका कोपऱ्यात पडतेच. कॉन्ट्रास्ट वाढवला की तो कोपरा काळाठिक्कर आणि उजेडातली फिकट अक्षरं कागदाबरोबर पांढरी, कारण अख्ख्या पानाला एकच माप लागतं. जुन्या दप्तरांचं स्कॅनिंग केलंय मी. आधी फोटोतला फक्त लाल रंगाचा थर घ्यायचा. निळी शाई लाल उजेड गिळते म्हणून गडद दिसते, पिवळा पडलेला कागद उलट उजळतो. मग त्याच थराची इतकी धूसर प्रत काढायची की अक्षरं विरून नुसती उजेड-सावली उरेल. मूळ थराला या प्रतीने भागलं की सावली निघून जाते.

झेरॉक्सवाला: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? ब्लॅक अँड व्हाइट करा, झालं. आमच्या दुकानात रोज करतो.

निळीशाई: मशीनच्या काचेवर उजेड सगळीकडे सारखा असतो हो. म्हणून तुमचं चालतं.

झेरॉक्सवाला: बरं, तेवढं मान्य. पण वही पेन्सिलीची असेल तर तुमचा लाल थर काय दिवे लावणार?

निळीशाई: काही नाही. पेन्सिल करडी, सगळ्या थरांत सारखीच. आणि फोटो हललेला असेल तर मीही हात टेकतो.

सरळरेघ: मुळात वही दिलीच कुणी? माझी वही एकीनं नेली, ती पेपरच्या सकाळी मिळाली, वर चहाचा डाग!

वहीवाली: ताई, कथेत फोटो आहेत. वही घरीच आहे.

सरळरेघ: फोटो तरी का द्यायचे? वर्षभर लेक्चर बुडवायची आणि आदल्या रात्री ‘प्लीज गं’!

बॅकबेंचर: लेक्चर बुडवून रात्रपाळी करणारेही असतात, ताई. मी करायचो. फोटो देणारीमुळेच पास झालो.

सरळरेघ: मग तिचे पाय धरा, मला कशाला शिकवता?

बॅकबेंचर: धरले असते, पण तिच्याच फोटोनं घात केला. ठिपके काढायला साफसफाई केली, तेव्हा ΔG = ΔH − TΔS मधली फिकट उणे रेघही धूळ समजून गेली. मी तिथे अधिक लिहिलं. पाच मार्क गेले.

निळीशाई: बर्फावर तपासायचं होतंत. 0 अंश सेल्सिअसला एक मोल बर्फ वितळताना ΔH साधारण 6010 ज्यूल, ΔS 22, तापमान 273 केल्व्हिन. 22 × 273 म्हणजे 6006. वजा केलं की जवळपास शून्य, आणि वितळण्याच्या तापमानाला तेच हवं. अधिक केलं तर बारा हजार.

बॅकबेंचर: रात्री दोनला बर्फ आठवत नाही, साहेब.

वहीवाली: ती उणे रेघ मी कथेत घेतेय. लाल थर नाही घेणार, वाचक पळतील.

निळीशाई: घेऊ नका. पण सावलीचा कोपरा तरी ठेवा.

सरळरेघ: आणि चहाचा डाग.