अर्धवट जॉबचे वर्षअखेरचे मूल्य

«३१ मार्चला जॉब निम्माच झालेला असेल, तर डब्ल्यूआयपी, म्हणजे अर्धवट कामाचा साठा, पूर्ण खर्चाच्या ५० टक्क्यांनी धरायचा का?»

नाही, टक्केवारी माल आणि प्रक्रिया यांना वेगवेगळी लावावी लागते. समजा, साकीनाक्याच्या वर्कशॉपात १०० पंप-केसिंगचा जॉब आहे, नगामागे कास्टिंग ५०० रुपयांचे आणि मशिनिंगचा खर्च २०० रुपये. सर्व कास्टिंग सुरुवातीलाच इश्यू झाली, ६० नग तयार होऊन स्टोअरमध्ये जमा झाले आणि उरलेल्या ४० नगांचे मशिनिंग निम्मे झाले आहे. या ४० नगांत माल पूर्ण गुंतलेला असल्याने २०,००० रुपये आणि मशिनिंगचे ४,००० असे २४,००० रुपये धरावेत. सरसकट निम्मे केल्यास १४,००० येतात, म्हणजे साठा आणि नफा दोन्ही १०,००० रुपयांनी कमी दिसतात.

खरी अडचण बॅकफ्लशमध्ये, म्हणजे काम झाल्यावर मागाहून खर्च चढवण्याच्या पद्धतीत आहे. माल आणि मजुरी शेवटच्या ऑपरेशनच्या नोंदीवरच चढत असेल, तर ईआरपीत या जॉबचा डब्ल्यूआयपी शून्य दिसतो. २०,००० रुपयांची कास्टिंग कागदोपत्री कच्च्या मालातच राहतात आणि ४,००० रुपये त्या वर्षाच्या खर्चात जातात. स्टोअरच्या मोजणीत नेमकी ४० कास्टिंग कमी भरली, तर कारण बहुधा हेच असते, आणि अशा वेळी तूट समजून ती निर्लेखित करणे ही फार महागात पडणारी घाई आहे. म्हणून वर्षअखेरीस शॉप फ्लोअरवरील प्रत्येक लॉट कोणत्या ऑपरेशनपर्यंत पोहोचला आहे हे मोजून, तोपर्यंतचा माल आणि मजुरी पोस्टिंगचा कालावधी बंद होण्यापूर्वीच जॉबवर चढवून घ्यावी.