मदत हवी आहे: ८ महिन्यांच्या मुलीला १०२ ताप, घरी सगळे म्हणतात दातांचा आहे

मानेवाड्याची_मम्मी

नमस्कार, जरा घाईत टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. मुलगी ८ महिन्यांची, वजन साडेसात किलोच्या आसपास. काल संध्याकाळपासून अंग गरम लागत होतं, रात्री काखेत थर्मामीटर लावलं तर १०१.८, पहाटे १०२.२. खालचे दोन दात येऊन राहिलेत, हिरडीवर पांढरी रेघ दिसते, लाळ तर इतकी की दर तासाला बिब बदलावी लागते. सर्दी नाही, खोकला नाही, एकदा पातळ शी झाली. दूध पिते पण नेहमीपेक्षा कमी, आणि चिडचिड खूप. सासूबाई म्हणतात दाताचा ताप आहे, तीन दिवसांत आपोआप जाईल, हिरडीला मध आणि टाकणखार चोळ. शेजारच्या काकूंचंही तेच. नवरा म्हणतो बाहेर ४५ डिग्री आहे, गर्मीने झालं असेल. दातामुळे खरंच एवढा ताप येतो का? डॉक्टरकडे आज जाऊ की एक दिवस थांबू? आणि घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आहेत, एक ड्रॉप्स आणि एक जावेच्या मुलाचं सिरप २५० वालं, कोणतं किती द्यायचं?

वर्धारोड_आजोबा

बेटा, घाबरू नको. तीन मुलं आणि पाच नातवंडं पाहिली, प्रत्येकाला दाताच्या वेळी अंग तापलं आणि पातळ झालं. दाताने शरीर गरम होतंच, हे जुन्या लोकांना माहीत होतं. मात्र टाकणखार नको, आमच्याकडे एका बाळाला त्याने उलट्या झाल्या होत्या. मधही वर्षाच्या आत देत नाहीत असं आता डॉक्टर सांगतात. थंड केलेलं टीथर चावायला दे, फ्रीजमधलं, फ्रीजरमधलं नाही. बाकी १०२ म्हणजे थोडा जास्त आहे हे खरं, उद्यापर्यंत पाहा.

रात्रपाळी

बालरोग विभागात रेसिडेंट आहे, ड्यूटी संपवून वाचतोय. काका, मध आणि टाकणखाराबद्दल तुम्ही अगदी बरोबर. मधातून बोट्युलिझमचा जंतू जाऊ शकतो आणि टाकणखार बाळाला विषारीच आहे. पण "उद्यापर्यंत पाहा" ला माझा विरोध आहे.

दात येताना काय होतं तर हिरडी सुजते आणि दुखते, लाळ वाढते, बाळ चिडतं, झोप बिघडते, जे हाताला लागेल ते चावतं. तापमान थोडं वर जाऊ शकतं, म्हणजे ९९ ते १०० च्या घरात. १००.४ च्या वर गेलं की तो ताप दाताच्या खात्यात टाकायचा नाही. आणि १०२ तर नाहीच, त्यात तुम्ही काखेत मोजलाय, काखेत रीडिंग आतल्यापेक्षा थोडं कमीच येतं.

मग सगळ्या आज्यांना असं का वाटतं? कारण वय जुळतं. साधारण सहाव्या महिन्यापासून पहिले दात येतात, आणि त्याच सुमारास आईकडून मिळालेल्या अँटीबॉडी कमी होत जातात, बाळ रांगायला लागतं, फरशीवरचं सगळं तोंडात घालतं. इन्फेक्शन्स सुरू होण्याचं वयच ते. सहा महिने ते दोन वर्षांत कुठला ना कुठला दात येतच असतो, त्यामुळे कुठल्याही तापाला दात जबाबदार धरता येतो.

गर्मीचं दादा म्हणतात ते तपासता येतं. कपडे एका पातळ झबल्यावर आणा, कूलरच्या खोलीत ठेवा पण हवा थेट अंगावर नको, दूध पाजा, अर्ध्या तासाने परत मोजा. गर्मीने अंग तापलं असेल तर आकडा खाली येतो. खरा ताप तिथेच बसून राहतो.

मानेवाड्याची_मम्मी

केलं. अर्ध्या तासाने १०१.९.

रात्रपाळी

मग आजच दाखवा. सर्दी-खोकला काही नसताना ८ महिन्यांच्या मुलीला १०२ ताप, याच्यात माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं लघवीचं इन्फेक्शन. या वयात ते बाहेरून दिसत नाही. बाळ "जळजळतंय" सांगू शकत नाही, फक्त ताप, चिडचिड आणि दूध कमी. लघवीला वास नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, असंही धरू नका. डॉक्टर कान, घसा, छाती बघतील, तिथे काही सापडलं नाही तर लघवीची तपासणी करा असं तुम्हीच म्हणा, आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी सॅम्पल जायला हवं. एकदा औषध पोटात गेलं की कल्चरमध्ये काही वाढत नाही, मग सगळे अंधारात.

आता डोस. पॅरासिटामॉल वजनावर असतं, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला साधारण ११० मिलिग्रॅम. ड्रॉप्सवर १ एमएलमध्ये १०० असं लिहिलंय का पाहा, बहुतेक ब्रँडचं तसंच असतं. असेल तर १.१ एमएल. २५० वालं सिरप म्हणजे ५ एमएलमध्ये २५०, त्याचे २.२ एमएल. आता कुणी घाईत ड्रॉप्सच्या बाटलीतून सिरपच्या हिशोबाने २.२ एमएल दिलं तर डबल डोस गेला, आणि तो दर वेळी तसाच जात राहिला तर लिव्हरवर येऊ शकतं. एक बाटली ठरवा, दुसरी कपाटात वर ठेवा. दोन डोसमध्ये कमीत कमी ४ तास, ६ असले तर बरं, दिवसात ४ पेक्षा जास्त नको. चमच्याने नाही, बाटलीसोबतच्या ड्रॉपरने किंवा सिरिंजने मोजा.

सदर_सुप्रिया

माझ्या भाच्याला पण असंच झालं होतं ताई!! तीन दिवस १०३ ताप, मग ताप एकदम गेला आणि छातीवर गुलाबी पुरळ, डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, काही नाही करायचं. तुमच्या मुलीला पण तेच असेल, पुरळ आलं की समजायचं झालं.

रात्रपाळी

सुप्रियाताई, तो रोझिओला असेल, खूप कॉमन आहे. पण ते निदान पुरळ आल्यावर होतं, आधी नाही. त्याची वाट बघत लघवीचं इन्फेक्शन बसवून ठेवलं तर ते किडनीपर्यंत जाऊ शकतं. शिवाय पुरळ काचेच्या ग्लासने दाबून बघायचं, दाबल्यावरही गायब होत नसेल आणि बाळ तापलेलं असेल तर सरळ इमर्जन्सी.

बाळराजे_२४

विषय थोडा वेगळा, पण दाताचाच आहे. माझा बाळ अडीच महिन्यांचा, लाळ फार गळते, मुठी चोखतो, आज १००.६ ताप आहे. एवढ्या लवकर दात येतात का? कुठला जेल लावू?

रात्रपाळी

बाळराजे, जेल राहू द्या, आत्ता निघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा वर ताप म्हणजे लगेच, रात्र असली तरी, लहान मुलांची इमर्जन्सी जिथे असते तिथे. मेडिकल, मेयो, जे जवळ असेल ते. पॅरासिटामॉल देऊन उतरतो का बघू असं नको. या वयात लाळ वाढते ती लाळग्रंथी काम करायला लागल्यामुळे, दाताचा संबंध असेलच असं नाही. जेल मात्र कुठल्याच बाळाला नको, सुन्न करणाऱ्या बेन्झोकेनमुळे रक्तातला ऑक्सिजन वाहून नेण्यावर परिणाम होऊ शकतो.

बाळराजे_२४

निघालो.

प्रतापनगर_पूजा

मला एक विचारायचंय, बाळाला औषधाने ताप उतरला की आपण निश्चिंत होतो ना, तसं करणं बरोबर आहे का? आमच्याकडे उतरला की सासरे म्हणतात, बघ दाताचाच होता.

रात्रपाळी

ताप उतरला म्हणजे आजार छोटा, असं नसतं. पॅरासिटामॉल कुठलाही ताप उतरवू शकतं. बघायचं असतं ते ताप उतरल्यावरचं बाळ. उतरल्यावर खेळतं, हसतं, दूध पितं, तर मला थोडं हायसं वाटतं. ताप नसतानाही लुळं पडलेलं, हाक मारली तर नजर लावत नाही, उठवून दूध पाजावं लागतं, तर ते आजारी आहे, थर्मामीटर काहीही म्हणो. ६–८ तास डायपर कोरडा, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली, झटका आला, हिरवी उलटी झाली, तर वाट बघू नका. श्वास शांत झोपलेला असताना पूर्ण मिनिटभर मोजा, दोन महिन्यांच्या पुढे वर्षापर्यंत ५० किंवा वर म्हणजे जोरात चालतोय. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर आकडा मोजत बसूच नका.

आणि आजोबा, दातामुळे शी पातळ होत नाही. एखादी वेळ ठीक आहे, पण पाण्यासारखी होत राहिली तर ओआरएस, आणि नागपूरच्या मे मध्ये तर उशीर नकोच.

वर्धारोड_आजोबा

आमच्या वेळी व्हायचं बाबा. तुझं पुस्तक काही म्हणो.

मानेवाड्याची_मम्मी

अपडेट. डॉक्टरांनी कान-घसा-छाती पाहिली, सगळं साफ. म्हणाले थांबू की लघवी बघू, मी म्हटलं लघवी बघूच. आधी बॅग चिकटवायला निघाले, पण बॅगमध्ये त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि कल्चर बिघडतं म्हणून सिस्टरने मुलीला मांडीवर धरून ओटीपोटावर थंड पाण्यात बुडवलेला कापूस फिरवला आणि मधली धार बाटलीत पकडली. नवरा बाटली धरून बसला होता, पहिल्यांदा हुकली, फरशी ओली. दुसऱ्यांदा मिळाली. रिपोर्टमध्ये पस सेल्स भरपूर. अँटिबायोटिक लगेच सुरू केलं, कल्चरला दोन दिवस लागले, त्यात ई. कोलाय वाढला आणि तेच औषध त्याला चालतं असं आलं. ताप गेलाय, दूध पूर्ण पिते. आणि हो, मधे एक दात बाहेर आला.

सासूबाई म्हणतात, बघ, दात निघाला आणि ताप गेला. आता काय बोलू बाप्पा.

डॉक्टरांनी किडनी-ब्लॅडरची सोनोग्राफी सांगितली आहे. बरी झाली ना, मग कशाला करायची?

रात्रपाळी

किडनीत किंवा लघवीच्या वाटेत जन्मतः काही अडथळा आहे का, हे बघायला. बहुतेकदा नॉर्मल येते, पण इतक्या लहान वयातल्या पहिल्या इन्फेक्शननंतर ती करून घ्यावी. रेडिएशन नसतं. पुढच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांमध्ये मतं वेगळी आहेत, ते सोनोग्राफी बघून ठरतं. आणि यापुढे कधीही विनाकारण ताप आला तर डॉक्टरांना हे इन्फेक्शन झालं होतं ते आठवणीने सांगा, लघवी आधी तपासतील. औषधाचा कोर्स पूर्ण करा, बरं वाटलं तरी.

सदर_सुप्रिया

ती कापसाची ट्रिक मुलग्यांना पण चालते का?

बाळराजे_२४

भरती करून घेतलंय, रक्त, लघवी आणि कमरेतलं पाणी तपासणार म्हणाले. नंतर सांगतो.