अनुभव धागा: ऑडिशनसाठी स्वतः लिहिलेलं दोन मिनिटांचं स्वगत

तिसरी_घंटा
भाची अभिनयाच्या शाळेचा फॉर्म भरतेय. अट अशी की दोन मिनिटांचं स्वगत स्वतः लिहून सादर करायचं. काल रात्री तिने पहिला खर्डा वाचून दाखवला आणि मला माझ्या ऑडिशनच्या आधीचे दिवस आठवले. तेव्हा मी लिहिलेल्या प्रत्येक कागदावर आमचे सर दोनच प्रश्न लिहून परत द्यायचे: समोर कोण आहे? त्याच्याकडून तुला आत्ता, या क्षणी काय हवंय?

भाचीच्या खर्ड्यात वडील गेलेत आणि मुलगी ते कसे होते हे सांगतेय. "बाबा, तुमची स्कूटर अजून तिथेच उभी आहे, तिच्यावर धूळ साचलीय..." भाषा छान आहे तिची, पण दोन मिनिटं उभं राहून तिला करायला काहीच नाही. सगळं होऊन गेलेलं आहे. म्हणून आम्ही स्कूटर तेवढी ठेवली आणि बाकीचं मोडलं. आता असं आहे: स्कूटर विकायचं ठरलंय, पैसेही घेतलेत, आणि घेणारा माणूस किल्ली न्यायला दारात आलाय. मुलीला तो परत जायला हवाय. पण शब्द दिलाय, त्यामुळे 'देत नाही' म्हणता येत नाही. मग ती स्कूटरचे दोष सांगायला लागते:

"ब्रेक जरा उशिरा लागतात. म्हणजे लागतात, पण आधीपासून दाबत यावं लागतं. आणि थंडीत पहिल्या किकला सुरू होत नाही. आधी कलती करायची, दहा आकडे म्हणायचे, मग किक. नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. आमच्याकडे तसंच करतात."

वडिलांचं नावही नाही, तरी ते दिसायला लागले. अडलंय ते शेवटाशी. तिच्या कागदावर अजून "बाबा, मला माफ करा" आणि रडणं असा शेवट आहे. तुम्ही ऑडिशनसाठी लिहिलं असेल, कुणाला लिहायला मदत केली असेल, तर सांगा ना. तुमचा शेवट कसा सापडला?

उनाड_पाऊस
बसमधून लिहितोय, थोडक्यात. रडणं ठेवाच. पॅनेलला रेंज बघायची असते. आधी हसू, मग राग, मग रडू, तिन्ही आलं पाहिजे. आणि शब्द निदान तीनशे हवेत, आपण भराभर बोलतो, दोनशे शब्द मिनिटाभरात संपतात. मी असंच केलं होतं आणि माझी निवड झाली होती.

पारिजात७
किती छान धागा! माझ्या मुलाने गेल्या वर्षी शाळेत वक्तृत्वात दोन मिनिटं भाषण केलं होतं, विषय पाणी वाचवा. सुरुवातीला सुविचार, मग मुद्दे, शेवटी घोषणा असं बसवलं होतं. हवं असेल तर टाकते इथे.

तिसरी_घंटा
पारिजात, टाका की, वाचायला आवडेल. फक्त हे भाषणापेक्षा वेगळं आहे. समोरचा माणूस तिला दिसतोय, तो मधेच काहीतरी बोलतोय, आणि ते आपल्याला ऐकू येत नाही.

प्रॉम्प्टर
निवडीच्या टेबलामागे बरीच वर्षं बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

उनाड_पाऊस, पॅनेलला बदल बघायचा असतो हे बरोबर. पण तीन भावना एकामागून एक ठेवल्या की ते नमुने वाटतात. एकाच हव्यासासाठी माणूस वाट बदलतो तेव्हा रेंज आपोआप दिसते. स्कूटरवाली मुलगी आधी प्रामाणिकपणे सावध करतेय, मग घाबरवतेय, मग आपण काय करतोय हे तिचं तिलाच उमगतं. हवंय तेच, मार्ग तीन.

शब्दांचं म्हणाल तर माझा अंदाज दोनशे ते सव्वादोनशे. वाचताना तीनशे बसतात. उभं राहून, समोरच्याचं ऐकून, श्वास घेऊन बोललं की बसत नाहीत. मग मुलं ठहराव कापतात आणि घाई करतात. ते पहिल्या वीस सेकंदांतच कळतं, कारण उत्तर ऐकायच्या आधीच पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. घड्याळ लावून मोठ्याने, चालत-थांबत म्हणून बघा. एक मिनिट पन्नासला संपलं तर ठीक. नेमकं दोनला संपत असेल तर परीक्षेच्या दिवशी ते लांबणार.

दुसरं, न दिसणाऱ्या माणसाची वाक्यं आपल्या तोंडून पुन्हा म्हणू नयेत. "काय म्हणालात? चालेल म्हणता?" हे एकदा आलं तरी लिखाण उघडं पडतं. वर जे "नाही, असं कुठे लिहिलेलं नाही" आहे ना, ते फार चांगलं आहे. त्याने 'हे कुठे वाचलंत?' असं विचारलं असणार, हे आपल्याला उत्तरावरून कळतं.

खिडकीतली_अनु
वर स्कूटर कलती करायचं वाचून एकदम हसू आलं, आमच्याकडचीही तशीच होती!! कलती केल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. काका ओरडायचे, "पेट्रोल खाली येऊ दे आधी!"

भरतवाक्य
@अनु आमची तर ढकलूनच सुरू व्हायची. मी मागून पळायचो आणि सुरू झाली की बाबा तसेच पुढे निघून जायचे 😄

मेघना_लिहिते
पोळ्या करता करता लिहितेय. मी खऱ्या आजीवर लिहिलं होतं, तिच्या शेवटच्या दिवसांवर. तालमीत दर वेळी रडू यायचं. ऑडिशनला आलंच नाही, आणि रडण्यावाचून त्या कागदात करण्यासारखं काहीच नव्हतं. दोन मिनिटं नुसती वाक्यं म्हटली. वर तिसरी_घंटा म्हणतेय तेच, आजीकडून मला काही हवंच नव्हतं. भाचीला सांगा, शेवट रडण्यावर टांगून ठेवू नको.

पडद्यामागचा
मेघनाताई, माझं उलट झालं. माझंही खरंच होतं, मोठ्या भावाचं, तो घर सोडून गेला त्याचं. पण मी ते भावाच्या घरमालकाशी बोलतोय असं लिहिलं, डिपॉझिट परत मागायला गेलोय. पूर्ण वेळ भांडण पैशाचं. खरं काय आहे ते एकदाही बोललो नाही. दर वेळी आतून काहीतरी वेगळं यायचं, पण पैसे मागायचं काम हातात असायचं. त्यामुळे खऱ्या आयुष्यातलं लिहू नका, असं मी तरी म्हणणार नाही.

मेघना_लिहिते
डिपॉझिट! हे मला सुचलं असतं तर. आजीच्या बाबतीत दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीपाशी उभं राहता आलं असतं.

नवखा_नट
मी पण यंदा देतोय. दोन शाळांचे फॉर्म आहेत. एकीला स्वतःचं चालतं, दुसरीने छापील नाटकातलंच हवं म्हटलंय. स्वतःचं लिहून दुसरीला एखाद्या नाटकातलं आहे असं सांगितलं तर कळतं का?

प्रॉम्प्टर
नवखा_नट, असं करू नका. पॅनेलवर नाटकं वाचलेली माणसं असतात, आणि पुढचा प्रश्न 'या प्रवेशाच्या आधी काय घडतं?' हाच येतो. छापील मागतात त्याला कारणही असतं, दुसऱ्याची वाक्यं तुम्ही कशी आपलीशी करता ते त्यांना बघायचं असतं. आणि स्वतःचं लिहाल तिथेही सूचना घेता येईल असं लिहा. सादर झाल्यावर आम्ही बहुतेक वेळा काहीतरी बदलून पुन्हा करायला सांगतो. उदाहरणार्थ, 'आता त्या माणसाची बस चुकतेय असं समजून कर.' संहितेत "(हुंदका)", "(संतापाने)" असं लिहून तसंच पाठ केलेलं पोर तिथे अडकतं.

नवखा_नट
ओके सर, कळलं. मग दुसरीसाठी नाटक शोधतो.

कॅमेरा_कोपरा
कुणी व्हिडिओ पाठवायच्या फॉर्मबद्दल बोललं नाही म्हणून. छातीपासून वर फ्रेम मागितली असेल तर स्कूटर पायाशी ठेवू नका. ती दर वेळी खाली बघणार आणि आपल्याला फक्त पापण्या दिसणार. स्कूटर त्या माणसाच्या मागे, थोडी लांब उभी आहे असं धरा. म्हणजे नजर माणसावरून स्कूटरवर जाते तेव्हाही डोळे दिसतात. माणूस लेन्सच्या लगेच शेजारी हवा, लेन्समध्ये नको. आणि तो नेमका कुठे आहे ते भिंतीवर खूण करून ठरवा, नाहीतर दर वाक्याला तो सरकतो, कधी उंचही होतो.

उनाड_पाऊस
खोलीत प्रत्यक्ष असताना मात्र पॅनेलच्या डोळ्यांत बघावं. त्याने आत्मविश्वास दिसतो.

प्रॉम्प्टर
मला ते नको वाटतं. डोळ्यांत बघितलं की मी स्कूटर घेणारा होतो, मग वहीत काही लिहायलाही संकोच वाटतो. आमच्या टेबलावर याबाबत एकमत नाही, एका सहकाऱ्यांना ते आवडतं. मी तरी माणसाला टेबलाच्या जरा बाजूला, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायला सांगतो.

तिसरी_घंटा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. संध्याकाळी आम्ही दोघी पुन्हा बसलो. मेघना आणि पडद्यामागचा यांचं वाचून तिने 'माफ करा' स्वतःच खोडलं. मग प्रश्न असा आला की सगळे दोष ऐकूनही तो माणूस 'चालेल, घेतो' म्हणाला तर? दोष संपले. तिच्याकडे त्याला घालवायला काहीच उरलं नाही. तिथून तिने हे लिहिलं:

"बरं. मग... दहा मोजायचे म्हटलं ना मी, ते भराभर नाही. एक. दोन. असे. आणि मनात नाही, मोठ्याने. लोक बघतात, बघू देत. सातला वाटतं की आता होईल सुरू. नाही होत. दहापर्यंत थांबायचं."

याच्यापुढे किल्ली द्यायची, शब्द नाही. घड्याळ लावलं तर एक पंचावन्न आलं. प्रॉम्प्टर, पाच सेकंद कुठून काढू?

प्रॉम्प्टर
शेवटाला हात लावू नका. घालवायला आलेली मुलगी त्याला शिकवायला लागली, इथे तिसरा मार्ग संपून चौथा सुरू झाला. ब्रेकची दोन वाक्यं आहेत त्यातलं दुसरं काढा. आणि किल्ली दिल्यावर एक पूर्ण श्वास त्या माणसाकडे बघत राहायचं, मगच सोडायचं. मुलं शेवटचं वाक्य संपताच आमच्याकडे बघतात, तिथे सगळं जातं.

पडद्यामागचा
ब्रेकचं दुसरं वाक्य काढू नका हो, "आधीपासून दाबत यावं लागतं" यात तर ती चालवते हे कळतं. त्याऐवजी "लोक बघतात, बघू देत" जाऊ दे.

खिडकीतली_अनु
मला दोन्ही हवंय 🙈 आणि किल्ली देऊ नये असं मला वाटतं. हातातच राहू दे.

तिसरी_घंटा
ब्रेकवरून आमच्याकडेही भांडण चालू आहे. ती दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघणार आहे. किल्ली खरी न्यावी की नुसता हात?

कॅमेरा_कोपरा
फॉर्ममध्ये वस्तूंबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा. चालत असेल तर खरी किल्ली, पण जुडगा नको, खळखळ वाजतो आणि माइक तेवढंच पकडतो.

पारिजात७
मुलाला सगळं वाचून दाखवलं. तो विचारतोय की पाणी वाचवा हे नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी बोलता येईल का?

भरतवाक्य
पारिजात, येईल! पण त्या माणसाकडून त्याला काय हवंय ते विचारा आधी.