चहा सांडला, कीबोर्ड बदलू का बाहेरचा लावू?

"लॅपटॉपवर चहा सांडला, आता एन आपोआप टाइप होतोय. वॉरंटी अजून चार महिने आहे. कीबोर्ड बदलू का यूएसबीचा लावू?"

साध्या वॉरंटीत सांडलेलं बसत नाही ओ, अॅक्सिडेंटल डॅमेजचं कव्हर वेगळं घेतलं असेल तरच, ते बिलावर आधी बघा. आणि नुसता बाहेरचा लावून भागणार नाही, आतला दाबलेलाच राहतो. आतला बंद करायला विंडोजमधे अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर हे टाकून रीस्टार्ट करा, पण बाहेरचा आधी जोडून ठेवा:

```
sc config i8042prt start= disabled
```

कधीकधी टचपॅडपण बंद पडतं, मग माऊस लागतो. परत चालू करायला `disabled` च्या जागी `demand`.

५००-६०० च्या कीबोर्डवर टेबलावरचं काम निघतं, तेवढ्यासाठी मी तरी वॉरंटी घालवणार नाही. दुकानात बदलायला देणार असाल तर एकच विचारा, कीबोर्ड स्क्रूचा आहे का रिवेटचा. बऱ्याच नव्या मॉडेलात तो वरच्या पॅनलला प्लास्टिकच्या रिवेटनी चिकटवलेला असतो, ते कापून परत वितळवून बसवतात आणि नीट बसलं नाही तर टाइप करताना कीबोर्डचा मधला भाग खाली दबतो, म्हणून तिथं पूर्ण पॅनलच बदललेलं बरं, महाग पडतं खरं. आतल्या कीबोर्डची रिबन केबलच काढून टाकायचा विचार असेल तर पॉवर बटन कीबोर्डातच नाही ना ते बघा, नाहीतर लॅपटॉप सुरूच होणार नाही.