नामधातू पाडताना

“कवितेत ‘वाट धुकावली’ लिहिलं तर तो प्रयोग, की ‘धुकावणे’ शब्दकोशात नाही म्हणून चूक?”

शब्दकोश बाजूला ठेवा, शब्द कुठल्या साच्यात पडलाय ते बघा. नामाला ‘आव’ लावून क्रियापद करणं, म्हणजे नामधातू पाडणं, मराठीत जुनंच आहे: पाणी-पाणावणे, राग-रागावणे, खूण-खुणावणे. ‘डोळे पाणावले’ ज्याला कळतं त्याला ‘वाट धुकावली’ फोड न करता कळतं. शिवाय ‘धुक्याने भरली’मध्ये धुकं बाहेरून येतं, इथे वाटच हळूहळू बदलते. हा फरक कवितेला हवा असेल तर शब्द कमावलेला आहे, नसेल तर नुसती सजावट. नुसतं ‘धुकणे’ मात्र करू नका, कानाला ‘थुंकणे’ ऐकू येतं.

खरी गफलत पुढच्या ओळीत होते. ‘थांबला’शी यमक जुळावं म्हणून ‘वाट धुकावला’ लिहिलं, की लिंग मोडलं, आणि ते नेमकं यमकाच्याच जागी मोडलं. निष्काळजीपणा इथेच उघडा पडतो. वाटेला पुरुष मानायचंच असेल तर कवितेभर ‘तो वाट’, ‘दमलेला वाट’ असं निभवा, ओळीच्या मध्येही, जिथे यमकाची गरज नाही. मग वाचक ते हेतुपुरस्सर म्हणून स्वीकारतो. आणि ‘कवीला सूट असते’ म्हणताना जपून: साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत पद्याला सवलत आहे ती वृत्तासाठी, ऱ्हस्व-दीर्घापुरती. लिंग-वचन त्यात येत नाही.