मदत हवी आहे: असाइनमेंटचे गुण कोरे, आणि परीक्षा केंद्र थेट नाशिक

पपईवाली_शहादा: नमस्कार मंडळी. इग्नूतून एम.ए. करतेय, पहिलं वर्ष. जूनच्या परीक्षेत चार पेपर दिले. दोन निघाले. तिसऱ्यात ३४ पडले, म्हणजे नापासच. चौथ्यात लेखीचे ४६ आहेत, पण ग्रेड कार्डावर असाइनमेंटच्या रकान्यात रेघ आणि पुढे NOT COMPLETED. चारही असाइनमेंट मी एकाच पिशवीतून, एकाच दिवशी अभ्यासकेंद्रावर दिल्या होत्या! एका ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून डिसेंबरसाठी दोन्ही पेपरांचे फॉर्म भरले, पेपरामागे २०० रुपये. भरायला उशीर झाला. यादीत धुळं दिसलंच नाही म्हणून नाशिक टाकलं. काल हॉल तिकीट आलं, दोन्ही पेपर सकाळी दहाचे, वेगवेगळ्या आठवड्यात. दोनदा आदल्या दिवशी मुक्कामी जायचं, घरी पपईची तोडणी सुरू. केंद्र बदलून मिळेल का?

नर्मदे_हर: केंद्र आपण निवडतच नाही हो ताई. अभ्यासकेंद्र ज्या परीक्षा केंद्राला जोडलेलं असतं तिथेच जावं लागतं. अभ्यासकेंद्रावर जाऊन भांडा. आणि गृहपाठाला २० च गुण असतात, लेखी ८० ची. एवढं टेन्शन कशाला?

बॅकलॉगवीर: ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं सांगताय तुम्ही. माझं बी.ए. तिथूनच. ताई दिल्लीच्या विद्यापीठाबद्दल विचारताहेत. तिथे फॉर्म भरताना केंद्र आपणच निवडतो, पण जागा संपल्या की ते यादीतून जातं. म्हणून फॉर्म सुरू झाला की पहिल्या आठवड्यात भरायचा.

जुना_काउन्सेलर: ताई, केंद्राचं नंतर बघू. चौथ्या पेपरसाठी तुम्हाला नाशिकला जायचंच नाहीये. लेखी आणि असाइनमेंट हे दोन वेगळे भाग. एम.ए.ला दोन्हींत वेगवेगळे ४० लागतात. लेखीत तुम्हाला ४६ आहेत, तो भाग सुटला. नोंदणीची मुदत संपेपर्यंत ते गुण तसेच राहतात. राहिलीय ती फक्त असाइनमेंट. ती १०० पैकी तपासतात आणि निकालात तिचा वाटा ३० टक्के. समजा ७२ पडले, तर २१.६. लेखीच्या ४६ चे ७० टक्के ३२.२. झाले ५३.८. पेपर पुन्हा द्यायची गरज कुठे आली?

आता रेघ का आली? असाइनमेंटच्या प्रश्नपत्रिकेवर सगळ्यात वर सत्र छापलेलं असतं, जुलै अमुक, जानेवारी तमुक. चौथ्या विषयाचे प्रश्न कुठून घेतले होते?

पपईवाली_शहादा: बाकी तीन संकेतस्थळावरून. चौथी फाइल एका सीनियर ताईंनी व्हॉट्सॅपवर पाठवली होती... आत्ता उघडून पाहिलं. वर मागच्या वर्षाचं सत्र आहे. अठरा पानं हाताने लिहिली होती मी, दोन रिफिल संपल्या.

जुना_काउन्सेलर: बहुतेक तिथेच पाणी मुरतंय. मुदत संपलेले प्रश्न सोडवले तर तपासणारा ते बाजूला ठेवतो. पण खात्री करा. जमा करताना पोचपावती घेतली होती का? चारही विषय तिच्यावर लिहिलेले असतील तर वही केंद्रापर्यंत पोचली एवढं सिद्ध होतं. केंद्रात तपासणी झाली की गुणांची यादी प्रादेशिक केंद्राकडे जाते, तिथून ग्रेड कार्डावर. कधी कधी यादीतच एक नाव गळतं. सत्र बरोबर असलेल्या वहीवर रेघ आली तर तेच समजायचं, आणि पावतीचा फोटो जोडून प्रादेशिक केंद्राला लिहायचं.

पपईवाली_शहादा: पावतीवर शिक्का आहे, पण विषय तीनच लिहिलेत. खिडकीवर गर्दी होती, मी वाचलंच नाही.

जुना_काउन्सेलर: मग भांडण्यात वेळ घालवू नका. चालू सत्राचे प्रश्न उतरवून घ्या आणि नव्याने लिहून द्या. पूर्ण वहीचे फोटो काढून ठेवा.

बॅकलॉगवीर: आणि भरलेले २०० गेले असं समजा.

केळीबाग_रावेर: काय शे ना ताई, माझ्या भाच्याचंही असंच झालं. त्याला जळगाव हवं होतं, आलं दुसरंच. तो सरळ जळगावच्या केंद्रावर गेला, केंद्रप्रमुखांनी बसू दिलं. तुम्ही पण धुळ्याला जाऊन बघा.

जुना_काउन्सेलर: तुमच्या भाच्याचं नशीब. हॉल तिकिटावर जे केंद्र आहे तिथल्याच यादीत नाव असतं, सह्या तिथेच होतात. दुसरीकडे बसू दिलं तरी उत्तरपत्रिका कुणाच्या गठ्ठ्यात गेली हे शोधत बसावं लागतं. मी तो धोका पत्करायला सांगणार नाही.

केळीबाग_रावेर: त्याचा निकाल आला की हो! थोडा उशिरा आला, पण आला.

पपईवाली_शहादा: म्हणजे ३४ वाल्या पेपरसाठी एकदाच नाशिक. त्याची असाइनमेंट ६१ ने सुटलीय, ती पुन्हा नको ना?

जुना_काउन्सेलर: नको. तिथे फक्त लेखी. केंद्रबदलाचा अर्ज प्रादेशिक केंद्राला ईमेलने टाकून बघा, हॉल तिकीट निघाल्यावर क्वचितच होतं. उत्तर येईपर्यंत नाशिकचंच धरून चाला.

पपईवाली_शहादा: टाकते आज रात्री. कुणी त्या दिवशी शहाद्याहून नाशिकला जाणारं असेल तर सांगा, एकटीने मुक्कामाला जायला घरचे तयार नाहीत.